माझ्या अर्जातला एक परिच्छेद

बी.एस्सी. नर्सिंग झालं, आता जर्मनीतल्या नोकरीसाठी अर्ज करतेय. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मेडिसिन, सर्जरी, आयसीयू, प्रसूती, सगळीकडे पोस्टिंग केलं.’ आमच्या मॅडम म्हणाल्या, हे तर मार्कशीटवर आहेच. तू काय केलंस?

मग एकच प्रसंग लिहिला. मेडिसिन वॉर्ड, संध्याकाळ. इन्सुलिन घेऊन जेवायच्या राहिलेल्या एका आजींना घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर ५२. शुद्धीत होत्या, गिळता येत होतं, म्हणून सिस्टरांना सांगून १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासली, ८४. मग जेवण दिलं, डॉक्टरांना कळवलं, चार्टवर वेळेसकट नोंद केली. ‘सिस्टरांच्या देखरेखीखाली’ हे शब्द मुद्दाम ठेवले; मी तेव्हा विद्यार्थिनीच होते ना.

भाषेचंही तेच. ‘जर्मन उत्तम’ खोडलं. बी-१ पास आहे, बी-२ची तयारी चालू आहे, कारण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ लागतं. कुठे दुखतंय हे विचारता येतं, पण फोनवरचं भराभर बोलणं अजून निसटतं. तेही लिहिलं. आई म्हणाली, कमीपणा कशाला सांगतेस? अगं आई, मुलाखत जर्मनमध्येच आहे, पाच मिनिटांत कळेलच की!