बाळाच्या टोपीसाठी कोणती लोकर?

तान्ह्या बाळाची टोपी विणायची, तर लोकर कोणती घ्याल?

अंगोरा ही सशाची लोकर. फार मऊ, खूप उबदार; पण तिचे केस गळतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात. मोहेर शेळीची. ती चमकदार, टिकाऊ; पण मोठ्या शेळीची असली तर टोचते. अल्पाका हा पेरू देशातला, उंटाच्या कुळातला प्राणी. त्याची लोकर मऊ, उबदार आणि सशाच्या लोकरीपेक्षा कमी गळते. म्हणून बाळासाठी तीच बरी. पांढरी लोकर घेताना काळ्या कापडावर घासून बघा. केस चिकटले तर ती गळणारी समजा.

टोपी गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. चोळलीत तर आटून घट्ट होईल. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा. ओली टांगलीत तर लांबेल.