वाढीव मोबदल्यावरचं व्याज आणि इन्कम टॅक्स
(अकोले तालुक्यातल्या बैठकीत केलेली मांडणी)

निळवंड्याच्या धरणात, कालव्यात ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांनी कलम 18 खाली कोर्टात वाढीव मोबदला मागितला, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. जुन्या, म्हणजे 1894 च्या कायद्याने गेलेल्या जमिनींपुरतंच मी बोलतो.

कोर्ट मोबदला वाढवतं तेव्हा वाढलेल्या रकमेवर व्याजही देतं. ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी शेकडा 9, पुढे पैसे जमा होईपर्यंत दरसाल शेकडा 15. केस वीस वर्षं चालली तर व्याज मुद्दलाच्या पुढं जातं. समजा तीन भावांच्या सामाईक जमिनीला 10 लाख वाढले. पहिल्या वर्षाचं व्याज 90 हजार, पुढच्या एकोणीस वर्षांचं दरवर्षी दीड लाख. एकूण 29 लाख 40 हजार.

गावाकडच्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर टॅक्स नाही. प्रश्न आहे तो व्याजाचा. काही जण म्हणतात, आपण आदिवासी, आपल्याला इन्कम टॅक्स लागत नाही. तशी सूट ईशान्येकडची राज्यं आणि लडाख अशा ठराविक भागातल्या आदिवासींना आहे, महाराष्ट्रात नाही. हे आधी डोक्यातून काढा.

आता वर्षांचं. 1990 साली रमाबाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे व्याज ज्या त्या वर्षाचं धरायचं. म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला दीड लाख, तेही तिघांत, पन्नास-पन्नास हजार. तालुक्याला अजूनही कुणी सांगतं, "वर्षांवर विभागून दाखवू, काळजी नको." तो सल्ला जुना झाला. 2009 च्या बजेटमध्ये कायदा बदलला. 1 एप्रिल 2009 पासून व्याज ज्या वर्षी हातात पडतं त्याच वर्षाचं उत्पन्न धरतात, मग ते वीस वर्षांचं का असेना. त्याच्या बदल्यात निम्मं व्याज सरळ वजा होतं. खर्चाच्या पावत्या मागत नाहीत, पण वकिलाची फी म्हणून वेगळी वजावटही मिळत नाही.

म्हणजे 29 लाख 40 हजारांतले 14 लाख 70 हजार धरले जाणार. पैसे 2025-26 मध्ये मिळाले, दुसरं उत्पन्न नाही आणि सगळं थोरल्याच्या एकट्याच्या नावावर दाखवलं, तर नव्या पद्धतीने साधारण 1 लाख 4 हजार टॅक्स बसतो. तेच तिघांच्या हिश्श्याने दाखवलं तर प्रत्येकाचे 4 लाख 90 हजार. त्या वर्षी 12 लाखांपर्यंत सूट असल्यानं टॅक्स शून्य. वर्षांवर विभागणी गेली, पण हिस्सेदारांत विभागणी आहे, आणि आपल्याकडं सामाईक खातीच जास्त. मात्र हिस्सा खराखुरा पाहिजे. सातबाऱ्यावर, निवाड्यात किंवा कोर्टाच्या निकालात त्याचं नाव पाहिजे. बहिणीचं नाव असेल तर तिचाही हिस्सा धरा. पैसे आल्यावर बायकोच्या खात्यावर टाकले म्हणून ते तिचं उत्पन्न होत नाही.

खरं नुकसान कापलेल्या पैशात होतं. व्याज देतानाच टीडीएस कापतात, शेकडा 10. पॅन दिला नसेल तर 20. आपल्या उदाहरणात 2 लाख 94 हजार कापले जातात, टॅक्स शून्य असला तरी. ते आपोआप परत येत नाहीत. प्रत्येक भावाने आपलं रिटर्न भरायचं, आपल्या वाट्याचं 9 लाख 80 हजार व्याज दाखवायचं, निम्मी वजावट दाखवायची आणि कापलेले 98 हजार परत मागायचे. मुदत 31 जुलैची असते. हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत दंड, म्हणजे लेट फी, भरून देता येतं.

घोटाळा होतो तो इथं. चेक एकाच्या नावाने निघाला की सगळा टीडीएस त्याच्याच पॅनवर चढतो आणि बाकीच्या भावांना परतावा मागताना अडतं. म्हणून पैसे निघायच्या आधीच भूसंपादन अधिकाऱ्याकडं लेखी द्या: हिस्सेदार कोण, हिस्सा किती, पॅन नंबर कोणता. पोच घ्या. नंतर 26एएस नावाचा उतारा काढून बघा, आपल्या पॅनवर किती चढलेत ते. सेतूवाला काढून देतो.

एक भांडण अजून आहे. कलम 34 चं व्याज, म्हणजे मूळ मोबदला उशिरा दिल्याबद्दलचं, टॅक्सला लागतं यात वाद नाही. कलम 28 चं, म्हणजे कोर्टाने वाढवलेल्या रकमेवरचं, हे मोबदल्याचाच भाग आहे असं सुप्रीम कोर्टाने 2009 साली घनश्यामच्या केसमध्ये म्हटलं. त्यावरून गुजरात हायकोर्टाने 2016 ला शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला, पंजाब-हरियाणाच्या हायकोर्टाने उलटा. मोठी रक्कम असेल त्याने वकिलाशी बोलून हा मुद्दा लढवावा. छोट्या रकमेला निम्मी वजावट आणि हिस्सेवाटणी पुरते, कोर्टात जायची गरज नाही. पण दोन्ही कलमांचं व्याज वेगवेगळं दाखवणारा हिशोबाचा कागद मागून घ्या. तो पुष्कळदा देत नाहीत आणि नंतर फाईल सापडत नाही.

पुढच्या बैठकीला येताना निकालाची नक्कल, ताबा पावती आणि बँकेचं पासबुक घेऊन या. एकेकाचा हिशोब लावू.