आजी, येते हं!

मंडळी, हल्ली खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीला असते. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, पडद्यावर सहा वर्षांची नात दिसते. इकडून आजी विचारते, "ओळखलंस का मला? सांग बघू, मी कोण? मराठी येतं का तुला?" पोर आईच्या पाठीमागे तोंड लपवते. आई म्हणते, "अगं, बोल ना काहीतरी!" दोन मिनिटांत फोन बापाच्या हाती जातो, आणि रात्री आजी म्हणते, "पोरीला आपली ओळखच राहिली नाही."

बहुधा तसे नसते. आईबाप घरात मराठी बोलत असतील, तर पोरीला मराठी समजते. पण दिवसभर शाळेत इंग्रजी बोलून जिभेला मराठीची सवय राहिलेली नसते. त्यात आजीने एकदम तीन प्रश्न विचारले, तेही परीक्षेचे. "काहीतरी बोल" म्हणजे नेमके काय बोलायचे, हे तिला उमगत नाही. तेव्हा तिच्या हाती चार वाक्ये द्यावी, आणि तीही दर वेळी त्याच क्रमाने: "आजी, नमस्कार. कशी आहेस? जेवलीस का? येते हं." तुमच्या घरी 'रामराम' म्हणत असतील, तर नमस्काराऐवजी रामरामच शिकवावा.

आता उदाहरणादाखल सातारा जिल्ह्यातले एक घर घेऊ. नात अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. साताऱ्यात संध्याकाळचे साडेसात वाजले, की तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. तिकडची घड्याळे वर्षातून दोनदा सरकवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणून हिवाळ्यात आपल्या साडेसातला तिकडे नऊच वाजलेले असतात. गुरुजींनी एवढे घरच्या कॅलेंडरवर लिहून दिले, तर झोपेतून उठवलेल्या पोरीशी बोलण्याची पाळी येणार नाही. शिवाय या वेळेला "जेवलीस का?" हा प्रश्न खरा ठरतो. नातीची न्याहारी झालेली असते, आजीची भाकरी अजून तव्यावर असते.

पहिल्या रविवारच्या दोन दिवस आधी आजीने आपल्याच आवाजात ती चार वाक्ये फोनवर बोलून धाडावी. हे आईने करण्यापेक्षा आजीने करावे, बापाने तर करूच नये. याचे कारण आपल्या क्रियापदात आहे. इंग्रजीत मुलगा असो वा मुलगी, 'मी येतो' आणि 'मी येते' यांना एकच रूप असते. मराठीत ते बदलते. पोर बापाचे ऐकून बोलू लागली, तर "मी जेवलो" म्हणते. मुलगा आईचे ऐकून "मी जेवले" म्हणतो. मग इकडे सगळे हसतात, आणि पोर पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून नातीने आजीकडून ऐकावे, नातवाने आजोबांकडून. कोल्हापूरकडे बायकाही "मी येतो" म्हणतात. तिथल्या आजीने नातीला तसेच शिकवावे. ती चूक नव्हे, ती घरची बोली आहे.

दुसरी अडचण 'तू' आणि 'तुम्ही'ची. पुष्कळ घरांत आजीला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही' म्हणतात. म्हणजे आजीला "कशी आहेस?" आणि आजोबांना "कसे आहात?" दोन्ही रूपे एकाच दिवशी पोरीच्या गळ्यात मारू नयेत. पहिला महिना फक्त आजीशी बोलावे. आजोबांनी शेजारी बसून हात हलवावा, आणि पोरीचे आजीबरोबरचे बोलणे सहज होऊ लागले, की मग पुढे यावे.

आता प्रत्यक्ष बोलणे. आजीने दाराकडे किंवा दिव्याकडे पाठ करून बसू नये, नाहीतर चेहरा काळा दिसतो. फोन हातात न धरता डब्याला टेकवून ठेवावा. पोरगी म्हणाली "आजी, नमस्कार", की आजीने म्हणावे, "नमस्कार, बाळा." ती म्हणाली "कशी आहेस?", की "मी बरी आहे. तू कशी आहेस?" एवढेच बोलून थांबावे. आवाज पोहोचायला कधी कधी क्षणभर उशीर लागतो, आणि पोरीला शब्द आठवायलाही वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजावे. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकला, की दोघींचे बोलणे एकमेकींवर आदळते आणि पहिले उत्तर वाया जाते.

पोर "फाईन" म्हणाली, तर रागावू नये, आणि आपणही इंग्रजीत शिरू नये. "हो का, बरी आहेस? छान!" असे म्हटले, की योग्य शब्द तिच्या कानावर पडतोच. उच्चाराचेही तेच. 'आजी'तला ज आणि 'आजोबा'तला ज आपण निरनिराळे बोलतो. ती दोन्हीकडे 'जीप'मधला ज लावील. 'शाळा'तल्या ळ चा ती ल करील. फोनवर हे दुरुस्त करू नये. आजी पुढच्या वाक्यात तोच शब्द नीट उच्चारते, तेवढे पुरे.

शेवटचे वाक्य मात्र समजावून द्यावे लागते. निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. पोरीला वाटेल, जायचे असताना 'येते' कसे? आईने तिला सांगावे की आपल्याकडे निघताना पुन्हा येण्याचे बोलतात. ही गंमत पोरांना आवडते, आणि म्हणून हे वाक्य बहुधा आधी पाठ होते.

पहिल्या रविवारी चारांपैकी एकच वाक्य आले, तरी चालेल. दुसऱ्या रविवारी क्रम तोच ठेवावा. तिसऱ्या रविवारी आजीने "जेवलीस का?" याचे उत्तर थोडे वाढवावे: "नाही गं, भाकरी तव्यावर आहे. तू काय खाल्लंस?" पोर "दूध" एवढेच म्हणाली, तरी ते तिचे स्वतःचे उत्तर आहे.

शिक्षकांनी एक खूण ध्यानात ठेवावी आणि घरच्यांना सांगावी. पोर बोलताना आईच्या तोंडाकडे पाहत असेल, तर ती आईची कुजबूज परत म्हणते आहे, आजीशी बोलत नाही. अशा वेळी वाक्ये चारांवरून दोनावर आणावी आणि आईने बाजूला बसावे. आईने सुचवण्याआधीच पोर बोलली, की नवे वाक्य द्यायला हरकत नाही.

चार वाक्यांनी भाषा येत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिकडे घरात मराठी बोलणे बंद झाले असेल, तर पोर एवढ्यावरच थांबेल. आजी-नातीची भेट होण्यापुरती मात्र ही वाक्ये पुरतात.

पाचवे वाक्य कोणते द्यावे? "हे बघ." यात लिंगाचा घोळ नाही. पोर आपले चित्र किंवा पडलेला दात दाखवील, आजीने कोंबडीची पिल्ले दाखवावी आणि म्हणावे, "हे बघ." मग पाच आकडे मोजून थांबावे.