चार तुकडे आणि कर्णाचा वर्ग



भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात १५ व २० बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण विचारला आहे. जव्हार-मोखाड्याच्या वर्गांत हेच माप सेंटिमीटरमध्ये घ्यावे. पुठ्ठ्याचे असे चार त्रिकोण कापून प्रत्येकाची वरची बाजू रंगवावी. चारही कर्ण बाहेर ठेवून ते जुळविले, की मोठा चौरस होतो व मध्ये ५ बाजूची चौरस पोकळी उरते. तीत तेवढाच तुकडा बसवावा. मोठ्याचा प्रत्येक कोपरा काटकोनच होतो, कारण तेथे त्रिकोणाचे दोन्ही लघुकोन एकत्र येतात.

आता दोन-दोन त्रिकोणांचे आयत करावेत. एक उभा, त्याच्या उजवीस दुसरा आडवा ठेवून, दोहोंच्या वरच्या खाचेत लहान चौरस बसवावा. डावीकडून २० सेंटिमीटरवर उभी रेषा मारताच २० व १५ बाजूंचे दोन चौरस दिसतात. तुकडे तेच, म्हणून क्षेत्रफळही तेच: ४०० + २२५ = ६२५; अर्थात कर्ण २५.

मुलाने तुकडा पालथा केल्यास आयताऐवजी पतंग होतो. रंग नाहीसा झाल्याने चूक तत्काळ कळते. मात्र एका मापाचा हिशेब जुळणे ही सिद्धता नव्हे. वेगळ्या बाजूंचे त्रिकोण घेऊन हीच मांडणी करवावी; मध्यचौरसाची बाजू तेव्हाही दोन बाजूंच्या फरकाइतकीच राहते.