टम्म टकले काका

मी रत्नागिरीत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. मनगटाची आठ हाडं मी एका तयार इंग्रजी वाक्याने पाठ केली आणि तोंडी परीक्षेत अंगठ्याच्या मुळाशी हॅमेट सांगून बसले! ते वाक्य दुसरी ओळ करंगळीकडून मोजतं, आमच्या नोट्स दोन्ही ओळी अंगठ्याकडून मोजतात.

मग नोट्समधलीच नावं घेतली. कोपराकडची ओळ: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. बोटांकडची: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पहिल्या अक्षरांवरून वाक्य जुळलं: ‘सगळे लाडू टोपलीत पडले, टम्म टकले काका हसले.’

दोन ‘ट्रॅपे’ फसवतात ना? ‘टम्म’ला शेवटी म, ट्रॅपेझियमलाही म. तेच अंगठ्याखालचं. आता वाक्य म्हणताना मी दोन्ही वेळा अंगठ्याकडूनच बोट फिरवते.