घर पाडायच्या आधी टेप काढा

ऐरोलीत सेक्टरमधले प्लॉट सिडकोने आखले, रस्ते आधी ठरले. गावठाणात उलटं झालं. घरं आधी उभी राहिली आणि मधे उरली ती गल्ली. माझ्या एका मित्राच्या वडिलांना तिथलं जुनं घर पाडून दोन मुलांसाठी दोन मजले बांधायचेत. मी म्हटलं, काका, हातोडा नंतर, आधी टेप काढा.

कारण प्लॉटवर तीन रेषा असतात. एक तुमच्या हद्दीची. दुसरी, महापालिकेने ठरवलेली रस्त्याची नियमित रेषा; ही तुमच्या हद्दीच्या आतही असू शकते. तिसरी बांधकामाची, म्हणजे समोरची जागा सोडून भिंत जिथून सुरू होते ती. गंमत अशी की समोरचं अंतर तुमच्या कुंपणापासून नाही, दुसऱ्या रेषेपासून मोजतात.

समजा प्लॉट 10 बाय 15 मीटर, म्हणजे 150 चौरस मीटर. समोरची गल्ली 4.5 मीटर, पण रस्ता 9 मीटरचा ठरलाय. रुंदी दोन्ही बाजूंनी सारखी घेतली तर मध्यापासून रेषा 4.5 मीटरवर येते. गल्लीचे निम्मे 2.25 आधीच आहेत, उरलेले 2.25 प्लॉटमधून जातात. लांबी राहिली 12.75. आता पुढे 3, मागे दीड, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडा. (आकडे फक्त उदाहरणाचे, खरी अंतरं रस्त्याची रुंदी, प्लॉट आणि इमारतीची उंची बघून ठरतात.) उरतं 8.25 बाय 7, म्हणजे जेमतेम 58 चौरस मीटर. रुंदीकरण नसतं तर साडेत्र्याहत्तर मिळाले असते.

"पण आत्ताचं घर तर गल्लीला टेकून उभं आहे!" काका म्हणाले. बरोबर. आणि इथेच मेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 211 प्रमाणे, घर नव्याने बांधायला घेतलं, किंवा जमिनीवरचं निम्म्याहून जास्त पाडलं, की आयुक्त रेषेमागे सरकायला सांगू शकतात. जुन्या भिंतीची जागा भिंतीबरोबर जाते. शिवाय न पाडताही मागे घ्यायला लावण्याचा वेगळा अधिकार कलम 212 मध्ये आहे, तेव्हा अगदी निर्धास्त राहू नका.

गेलेल्या पट्टीचा मोबदला मिळतो, कधी एफएसआयच्या रूपात. बिल्डर हेच गोड करून सांगतात. पण एफएसआय म्हणजे किती बांधायचं, कुठे बांधायचं ते नाही. तो वापरायला वर जावं लागतं, आणि इमारत उंच झाली की बाजूची अंतरंही वाढू शकतात. अरुंद प्लॉटवर कागदावरचा एफएसआय तसाच पडून राहतो.

सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर क्षेत्र दिसतं, ही रेषा नाही. त्यासाठी नगररचना विभागाकडून विकास योजनेचा भाग नकाशा घ्या, भूमी अभिलेखची मोजणी करून हद्द पक्की करा, आणि मग आर्किटेक्टला दोन्ही नकाशे एकावर एक ठेवायला सांगा. काकांची मोजणी अजून व्हायचीय. तोवर घर उभंच आहे.