तीस बरोबर, तरी प्रतिमा चुकली!

आजचा भाग ऐकताना जमलं तर वही, पेन्सिल आणि पट्टी जवळ ठेवा. बसमध्ये असाल तर नुसतं ऐका, घरी गेल्यावर आकृती काढा. कारण आजचं अर्धं काम कागदावरच होणार आहे.

गेल्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणाली, "दादा, अंतर्वक्र आरशाचं गणित होतं. नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू आरशापासून १० सेमीवर, प्रतिमा कुठे आणि कशी ते सांगा. माझं उत्तर ३० सेमी आलं, मागच्या पानावरही ३०च आहे. पण सरांनी चारपैकी एकच गुण दिला. का?"

मी तिच्याकडून वहीचा फोटो मागवला. तिने लिहिलं होतं: 'प्रतिमा आरशासमोर ३० सेमीवर, वास्तव आणि उलट.' खरं उत्तर आहे: आरशामागे ३० सेमीवर, आभासी आणि सुलट. आकडा तोच, पण बाकी सगळं उलटं. ही चूक नेमकी कुठे झाली, तेच आज बघायचं आहे.

आधी चिन्हसंकेत. वस्तू नेहमी डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. सगळी अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून मोजायची. प्रकाश येताना ज्या दिशेने जातो, म्हणजे उजवीकडे, ते अंतर धन. डावीकडचं ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. बस, एवढंच. आलेखाचा आरंभबिंदू आरशावर ठेवला आहे असं समजा.

आता अंतर्वक्र आरशाची नाभी कुठे असते? आरशासमोर, वस्तूच्याच बाजूला, म्हणजे डावीकडे. म्हणून f उणे १५. वस्तू तर डावीकडेच आहे, म्हणून u उणे १०. v आपल्याला माहीत नाही, म्हणून त्याला आपण कुठलंही चिन्ह द्यायचं नाही. ते सूत्रच सांगेल.

पण थांबा, सूत्राआधी आकृती. प्रमाण घ्या, कागदावरचा १ सेमी म्हणजे प्रत्यक्षात ५ सेमी. मुख्य अक्ष आडवा काढा. आरशाच्या जागी वक्र चाप नको, सरळ उभी रेषा काढा आणि तिच्या टोकांना थोडा बाक द्या. असं का? कारण आपलं सूत्र अक्षाच्या जवळच्या किरणांसाठी आहे. एवढ्या छोट्या आकृतीत गोल चाप काढला की किरण थोडे इकडेतिकडे पडतात आणि उत्तर नीट जुळत नाही.

नाभी आरशापासून ३ सेमी डावीकडे, वक्रता केंद्र ६ सेमी डावीकडे, वस्तू २ सेमी डावीकडे. वस्तूची उंची कागदावर १ सेमी.

पहिला किरण वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर न्या. आरशावर आपटून तो नाभीतून परत येतो. दुसऱ्या किरणासाठी वक्रता केंद्रावर पट्टी ठेवा, वस्तूच्या टोकाला लावा आणि रेषा थेट आरशापर्यंत न्या. हा किरण आरशावर काटकोनात पडतो, म्हणून आला त्याच वाटेने परत जातो.

आता परतीचे दोन्ही किरण बघा. ते डावीकडे जाताना एकमेकांपासून लांब लांब जातात. समोर कुठेच भेटत नाहीत. मग त्यांना तुटक रेषांनी आरशाच्या मागे वाढवा. बरोबर ६ सेमीवर, अक्षाच्या वर ३ सेमी उंचीवर ते छेदतात. ६ गुणिले ५, म्हणजे ३० सेमी. उजवीकडे, मागे. तुटक रेषा भेटल्या, म्हणजे प्रतिमा आभासी. अक्षाच्या वर, म्हणजे सुलट. उंची तिप्पट. अजून एकही भागाकार केलेला नाही, तरी उत्तराचं रूप हातात आहे.

आता सूत्र.

```
1/v + 1/u = 1/f
1/v = 1/f - 1/u
1/v = -1/15 + 1/10 = 1/30
v = +30
M = -v/u = -30/(-10) = +3
```

v अधिक ३०, म्हणजे आरशामागे. विशालन अधिक ३, म्हणजे सुलट आणि तिप्पट. आकृतीशी तंतोतंत जुळलं.

आता त्या मुलीची वही. तिने u आणि f दोन्ही धन घेतले होते. १५ आणि १०. मग १/१५ वजा १/१० म्हणजे उणे १/३०, आणि v उणे ३०. म्हणजे आकडा बरोबर आला, फक्त चिन्ह पालटलं. मग तिने चिन्हसंकेत आठवला, 'ऋण म्हणजे समोर', आणि लिहून टाकलं: समोर, वास्तव, उलट. सुरुवातीला चिन्हं दिली नाहीत आणि शेवटी मात्र चिन्ह वाचलं, घोटाळा इथे झाला. आरशाच्या सूत्रात तिन्ही पदं एकाच बाजूने चिन्ह बदलतात, म्हणून ही चूक आकड्यात दिसतच नाही. मागच्या पानावरचा ३० बघून आपण निश्चिंत होतो.

दुसरी चूक याहून जास्त वेळा दिसते. u उणे १० घेतला, पण f तसाच धन १५ ठेवला. मग उत्तर येतं अधिक ६, विशालन अधिक ०.६. ही प्रतिमा लहान, सुलट, आरशामागे. हे उत्तर चुकीचं वाटतं का? नाही! कारण ते एका खऱ्या आरशाचं उत्तर आहे. १५ सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र आरशाचं. म्हणजे f चं चिन्ह विसरलात की गणित चुकत नाही, आरसाच बदलतो. तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं अचूक उत्तर लिहून येता. हे ओळखायचं कसं? आकृतीत तिप्पट मोठी प्रतिमा दिसतेय आणि सूत्र लहान सांगतंय, तर आधी f चं चिन्ह तपासा.

आता आरसा बाजूला ठेवा आणि त्याच जागी बहिर्वक्र भिंग आणा. नाभीय अंतर तेच १५, वस्तू तीच १० सेमीवर. बहिर्वक्र भिंगाचं f धन असतं, कारण समांतर किरण पलीकडे, उजवीकडे एकत्र येतात. u उणे १०.

```
1/v - 1/u = 1/f
1/v = 1/f + 1/u
1/v = 1/15 - 1/10 = -1/30
v = -30
M = v/u = (-30)/(-10) = +3
```

गंमत बघा. आरशात v अधिक ३० आला, तेव्हा प्रतिमा आभासी. भिंगात v उणे ३० आला, तरी प्रतिमा आभासीच! मग 'v धन म्हणजे अमुक' असं पाठ केलेलं वाक्य इथे दगा देतं की नाही?

कारण पाठ करायची गोष्ट v चं चिन्ह नाहीच. विचारायचं एवढंच की प्रकाश शेवटी कुठल्या बाजूला जातो? आरशावर आपटून तो परत डावीकडे येतो. भिंगातून तो पलीकडे उजवीकडे जातो. प्रकाश जिथे खरंच पोचतो, त्या बाजूची प्रतिमा वास्तव, तिथे पडदा धरला तर ती दिसेल. दुसऱ्या बाजूची आभासी. म्हणून आरशात डावीकडची, म्हणजे ऋण v ची प्रतिमा वास्तव, आणि भिंगात उजवीकडची, म्हणजे धन v ची.

विशालनाचं मात्र तसं नाही. एक वस्तू आणि एकच आरसा किंवा एकच भिंग असेल, तर M धन म्हणजे सुलट आणि आभासी, M ऋण म्हणजे उलट आणि वास्तव. दोन्हीकडे हाच नियम. फक्त सूत्रं वेगळी आहेत, हे विसरू नका. आरशासाठी उणे v भागिले u, भिंगासाठी नुसतं v भागिले u. प्रतिमेचं स्वरूप लिहिताना शेवटचा शब्द M ला द्या.

आणि आता परीक्षेत फसवणारा प्रश्न. 'बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १५ सेमी आहे. प्रतिमा तिप्पट मोठी मिळते. वस्तू कुठे ठेवली?' बरेच जण M बरोबर ३ लिहून मोकळे होतात आणि १० सेमी असं उत्तर देतात. ते चूक नाही, पण अर्धं आहे. कारण प्रतिमा उलटीसुद्धा तिप्पट असू शकते. M उणे ३ घेतलं, तर v म्हणजे उणे ३u. सूत्रात ठेवा:

```
-1/(3u) - 1/u = 1/15
-4/(3u) = 1/15
u = -20,  v = +60
```

म्हणजे वस्तू २० सेमीवर ठेवली तरी प्रतिमा तिप्पटच, पण पलीकडे ६० सेमीवर, वास्तव आणि उलट. म्हणून प्रश्नात 'तिप्पट' हा शब्द दिसला की लगेच पुढचा शब्द शोधा. 'वास्तव', 'पडद्यावर', 'उलट' असं काही असेल तर M उणे ३. 'आभासी' किंवा 'सुलट' असेल तर अधिक ३. काहीच नसेल, तर दोन्ही उत्तरं लिहा.

घरी आजोबांचं वाचायचं भिंग असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. पेपरच्या अक्षरांजवळ धरा, अक्षरं सुलट आणि मोठी दिसतील. मग डोळा मागे ठेवून भिंग हळूहळू वर उचला. एका जागी अक्षरं धूसर होतील आणि त्यापुढे उलटी दिसू लागतील. तिथे अक्षरांनी नाभी ओलांडली, आणि M चं चिन्ह बदललं.

आता तुमचं गणित. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, प्रतिमा दुप्पट. वस्तूच्या जागा किती आणि कोणत्या? आधी आकृती, मग सूत्र. उत्तर १५ सेमी आणि ५ सेमी असं यायला हवं. यातली उलटी प्रतिमा कुठली, ते M चं चिन्ह बघून लिहा.

त्या मुलीने परवा पुन्हा फोटो पाठवला. u आणि f खाली तिने लाल पेनने दोन उणे काढले होते. बाजूला आकृती, आणि आरशामागे दोन तुटक रेषा भेटलेल्या. भेटूया पुढच्या भागात!